गुण, पर्सेंटाइल आणि आपली खरी जागा

आमच्या पिढीला गुणांचा हिशेब एकच ठाऊक होता. सहाशेपैकी चारशेवीस मिळाले की सत्तर टक्के. पुढे सीबीएसईच्या दहावीत २०१०च्या सुमारास श्रेणीगुण आले, तेव्हा त्यांना साडेनवाने गुणून टक्के काढण्याची युक्ती घरोघरी पोहोचली. हा साडेनऊचा आकडा काही आकाशातून पडलेला नव्हता. ९१ ते १०० या गटातील विद्यार्थ्यांच्या आधीच्या काही वर्षांच्या गुणांची सरासरी पंचाण्णवच्या आसपास येई. तिला दहाने भागले की साडेनऊ. म्हणजे तो अंदाज होता, प्रत्यक्ष गुण नव्हेत. दहा श्रेणीगुण मिळवणाऱ्या मुलाचे पंचाण्णव टक्के मानले जात, मग त्याला मुळात एक्याण्णव असोत की नव्याण्णव. २०१७ नंतर दहावीची ती पद्धत गेली. गुणाकार मात्र अजून कित्येकांच्या जिभेवर आहे. आजही त्याच मंडळाच्या विषयवार श्रेणीत उत्तीर्ण मुलांपैकी वरचा आठवा हिस्सा ‘ए-वन’ ठरतो. म्हणजे ही अक्षरे किती गुण मिळाले हे सांगत नाहीत, रांगेत कोठे उभे आहोत हे सांगतात.

जेईई मेन या परीक्षेत हीच रांग फार सूक्ष्मपणे मोजली जाते, आणि आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात जो अबोला झाला तो तिच्यापायीच. आमचा भाचा आणि आमची पुतणी दोघेही जानेवारीच्या परीक्षेला बसली, पण निरनिराळ्या दिवशी. उत्तरतालिका ताडून पाहता भाच्याचे तीनशेपैकी १७२ गुण झाले आणि पुतणीचे १९०. निकाल लागला तो भाच्याचा ९८.५ पर्सेंटाइल आणि पुतणीचा ९८. वहिनींचा प्रश्न सरळ होता, “अठरा गुण जास्त असून आमची मुलगी मागे कशी?”

परीक्षार्थींची संख्या लाखांत असल्याने ही परीक्षा अनेक दिवस, रोज दोन पाळ्यांत होते आणि प्रत्येक पाळीला वेगळी प्रश्नपत्रिका असते. सगळ्या पत्रिका सारख्याच अवघड काढणे कोणालाही साधलेले नाही. म्हणून २०१९ पासून एका पाळीच्या गुणांची दुसऱ्या पाळीच्या गुणांशी तुलनाच केली जात नाही. आपल्याच पाळीत आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजायचे, त्याला पाळीतील एकूण परीक्षार्थींनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. एवढेच ते नॉर्मलायझेशन.

हिशेबाच्या सोयीसाठी आपण गोल आकडे घेऊ. भाच्याच्या पाळीत १,२०,००० मुले होती आणि त्यांतील १,१८,२०० जणांना १७२ किंवा त्याहून कमी गुण होते असे धरा, भागाकार ९८.५ येतो. पुतणीच्या पाळीत १,२५,००० मुले आणि १९० किंवा त्याखाली १,२२,५००; म्हणजे बरोबर ९८. तिची पत्रिका सोपी निघाली, त्यामुळे १९०च्या पुढे अडीच हजार मुले गेली. भाच्याच्या अवघड पत्रिकेत १७२च्या पुढे अठराशेच जाऊ शकली. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर या दोन संख्यांत आहे.

अर्धा पर्सेंटाइल म्हणजे काय मोठे, असे वाटेल. शंभरातून पर्सेंटाइल वजा करून उरलेल्या टक्क्यांना एकूण परीक्षार्थींनी गुणले की क्रमांकाचा साधारण अंदाज येतो. चौदा लाख मुले धरली तर दीड टक्का म्हणजे एकवीस हजार आणि दोन टक्के म्हणजे अठ्ठावीस हजार. अर्ध्या पर्सेंटाइलच्या त्या फटीत सात हजार मुले उभी असतात. महाविद्यालय आणि शाखा ठरते ती या फटीत.

आता हे माप कितपत विश्वासाचे? सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: मुले पाळ्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली, म्हणून प्रत्येक पाळीत हुशार आणि कच्ची मुले सारख्याच प्रमाणात आली. गृहीत पुरते खरे धरले तरी चिठ्ठीचा चढउतार उरतोच. सव्वालाखाच्या आसपास मुलांच्या पाळीत ९८.५च्या जवळ हा चढउतार साधारण ०.०३५ इतका येतो. चौदा लाखांच्या रांगेत तो पाचशे क्रमांकांच्या घरात जातो. पाळी वीस हजारांचीच असेल तर तोच बाराशेवर पोहोचतो. गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत छापलेला असतो. ते आकडे बरोबरीची मुले वेगळी काढायला उपयोगी पडतात. पण तिसऱ्या-चौथ्या आकड्यावरून एक मूल दुसऱ्यापेक्षा सरस मानणे आम्हांला तरी पटत नाही. (शेजारच्या एका गृहस्थांनी सातही आकडे पेढ्यांच्या खोक्यावर लिहून वाटले!) मात्र भाचा आणि पुतणी यांतील अर्ध्या पर्सेंटाइलचे अंतर या चढउताराच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे ते नुसत्या योगायोगाने आलेले नाही.

आणखी एक गैरसमज आमच्याच घरात निघाला. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून ती एकूण पर्सेंटाइलशी जुळत नाही म्हणून निकालात चूक आहे असे भाच्याने ठरवले होते. एकूण पर्सेंटाइल हा एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे निघतो. एका विषयात पुढे असणारी मुले पुष्कळ असतात, तिन्हींत पुढे असणारी थोडी. म्हणून तिन्ही विषयांत सारखा चालणारा मुलगा एकूणात आपल्या सरासरीहून बराच वर निघतो.

नॉर्मलायझेशनची दुसरीही एक तऱ्हा आहे, आणि आम्हां इंदूरकरांनी तिचा गोंधळ जवळून पाहिला. मध्यप्रदेशातील वनरक्षक आणि जेल प्रहरी भरतीचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला, तेव्हा पहिल्या आलेल्या उमेदवाराला शंभरपैकी १०१.६६ गुण दिसले. उमेदवार आमच्या शहरात रस्त्यावर उतरले. तेथे रांग मोजलेली नव्हती. पाळीच्या अवघडपणाप्रमाणे गुणच ताणून किंवा आखडून एका समान मोजपट्टीवर बसवले होते. अवघड पाळीत आधीच शंभराजवळ असलेले गुण ताणले की पट्टीच्या टोकापलीकडे जातात. गणिताने त्यात आश्चर्य नाही, पण शंभरपैकी एकशे एक हे सामान्य माणसाला समजावणार कोण? पर्सेंटाइलमध्ये असे घडू शकत नाही. तेथे शंभरापलीकडे जागाच नाही. उलट प्रत्येक पाळीतील पहिला शंभरावर असतो आणि शंभर पर्सेंटाइलचे अनेक मानकरी होतात.

या दोन्ही वाटा नकोत म्हणणाऱ्यांचेही आता ऐकले जाऊ लागले आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२४ मध्ये दोन पाळ्यांत झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ ची परीक्षा ३ ऑगस्टला एकाच पाळीत घेतली गेली. जेईई मेनची संख्या पाहता आणि ती संगणकावर होत असल्यामुळे तेथे इतक्यात तसे होईलसे आम्हांला वाटत नाही.

पुतणी एप्रिलमध्ये पुन्हा बसली. दोन प्रयत्नांतील वरचा पर्सेंटाइल धरला जातो. या खेपेला तिची पाळी अवघड होती. गुण आले १८३, जानेवारीपेक्षा सात कमी, आणि पर्सेंटाइल ९८.७. भाच्याचा एप्रिलचा पर्सेंटाइल खाली गेल्याने त्याचा जानेवारीचाच कायम राहिला. पद्धतीविषयी वहिनींनी त्या दिवशी काही विचारले नाही.