सांभाळून घ्या

कोल्हापुरास आमच्या एका स्नेह्यांचा बिडाच्या ओतकामाचा लहानसा कारखाना आहे. इंग्लंडातील एका गिऱ्हाइकासाठी ते पंपांचे सुटे भाग ओततात, आणि तिकडे जावयाच्या पत्रांवर हात फिरविण्याचे काम माझ्याकडे येते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला धाडलेला मजकूर असा होता : "साहेब, माल जरा लेट होतोय. वीज सारखी जातेय. पण काळजी करू नका, आठ-दहा दिवसांत पाठवूनच देतो. तेवढं सांभाळून घ्या."

मराठी कानाला यात उणे काय आहे? 'साहेब' मध्ये मान आहे, 'जरा' मध्ये संकोच आहे, 'घ्या' या रूपात आदर आहे. परंतु इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आता उरलेला नाही. त्यामुळे प्रत्ययात वसलेली आपली नम्रता शब्दशः भाषांतर करताच गळून पडते, आणि आज्ञा तेवढी मागे राहते. 'प्लीज अ‍ॅडजस्ट' हे आपल्याला आर्जव वाटते; त्या वाचकास तो हुकूमच भासेल. 'डोंट वरी' तर त्याहून वाईट. ज्याचे काम अडले, त्यालाच त्याची चिंता पोकळ असल्याचे सांगणे! (येथे कित्येक जण 'काइंडली डू द नीडफुल' योजतात. कचेरीतले हे जुने वाक्य आपल्याकडे अजून ठणठणीत आहे. इंग्लंडात मात्र ते जुनाट झाले.)

इंग्रजी नम्रता 'वुड', 'कुड' आणि 'इफ' या शब्दांच्या आश्रयाने राहते. 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अलाऊ अस अंटिल ट्वेंटी-फोर्थ जुलै' असे लिहिले, की समोरच्यास नाही म्हणावयास जागा राहते. ती जागा ठेवणे हाच तिकडचा आदर. 'माल लेट होतोय' यात माल जणू आपणहून रेंगाळतो. पत्रात मात्र विलंब 'आमच्याकडून' झाला असे प्रारंभीच आणि एकदाच म्हटले. कारण एका वाक्यात आटोपले. 'आठ-दहा दिवस' म्हणजे नेमका कोणता दिवस, हे विचारताच स्नेही घुटमळले. हिशेब करता 24 जुलै ठरली. महिना अक्षरांत लिहिला, म्हणजे आकड्यांचा घोळ नको. 500 पैकी 300 नग तयार होते. ते आधी पाठवावेत की सारे एकदम, हा निर्णय गिऱ्हाइकावर सोपविला.

वाचून स्नेही म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो, पण आमचे साहेब कुठं गेले यात?"

त्यांचे म्हणणे मला पटले. 'साहेब' चा 'रिस्पेक्टेड सर' करण्यात अर्थ नव्हता. आरंभी 'डिअर मिस्टर' आणि आडनाव हेच योग्य, आणि नावाने हाक मारल्यामुळे शेवटी 'युवर्स फेथफुली' न येता 'युवर्स सिन्सिअर्ली' येते. त्याच्या वर मात्र एक वाक्य घातले : सहा वर्षे आपण आमच्याकडून माल घेत आहात, म्हणूनच ही सवलत मागण्याचे धाडस होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. 300 नग आधी पाठवा, बाकीचे 24 ला चालतील. आणि खाली, आपल्याकडचा पाऊस कसा आहे, अशी विचारणा होती.