ओळीस ओळ ताडून पाहताना

जुन्या पेढीचा मोडी रोजमेळ देवनागरीत उतरवून झाला की घरातील मंडळी बहुधा पहिली गोष्ट करतात ती बेरजेची. पानावरील रकमा पुन्हा मांडाव्यात, मुनिमाने खाली लिहिलेल्या आकड्याशी त्या जुळल्या की काम चोख झाले असे समजावे, हा व्यापारी घराण्यांचा स्वाभाविक कल. बेरीज रकमेची साक्ष देते यात शंका नाही. परंतु ती रक्कम कोणाच्या नावावर पडली, याविषयी बेरीज मुकी असते. ती उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या वाचकाने मूळ पानाच्या छायाचित्राशी प्रत्येक ओळ ताडून पाहावी लागते.

सांगलीच्या हळदपेठेतील एका जुन्या पेढीच्या वहीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वही शके १८३७ ची, म्हणजे इसवी सन १९१५ च्या सुमाराची. खतावणी वाळवीने खाल्ली. उरला तो एवढा रोजमेळ. पेढी चालविणाऱ्या आजोबांच्या थोरल्या विधवा बहिणीने, म्हणजे अक्कांनी, भावाकडे तीनशे रुपये ठेव ठेवली होती. ती जमेच्या बाजूस स्पष्ट लिहिलेली सापडली. ‘ते पैसे पुढे परत आलेच नाहीत’ ही गोष्ट मात्र अक्कांच्या घरात तीन पिढ्या सांगितली जात होती. दोन्ही घरांचे येणे-जाणे राहिले, पण त्यातील मोकळेपणा गेला.

लिप्यंतर केले ते पेढीच्या घरातील काकांनी. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ आखून तिला अक्षरे लटकवीत जाण्याची रीत होती. दोन शब्दांत जागा सोडली जात नसे आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. शिवाय रकमेपुढील उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. तशीच उभी रेघ ‘रा। रा।’ अशा संक्षेपातही येते. त्यामुळे विरामचिन्ह समजून ती गाळली जाण्याचा धोका मोठा.

एका पानावर नावे बाजूस चार रकमा होत्या: हमाली तीन रुपये सहा आणे, अण्णा खाते चाळीस रुपये आठ आणे, त्याखाली तीनशे रुपये आणि शेवटी गाडीभाडे बारा रुपये पाच आणे. मुनिमाची बेरीज तीनशे छप्पन्न रुपये तीन आणे. काकांची पहिली बेरीज आठ आण्यांनी कमी भरली. शोध घेता चाळीसपुढील दोन उभ्या रेघा सुटल्याचे दिसले. त्या घातल्यावर हिशेब आण्यापर्यंत जुळला. बेरजेने आपले काम केले होते.

तरीही पडताळणी ठरली आणि दुसरी वाचक म्हणून आली ती अक्कांच्या पणतवाची पत्नी. मोडीचा वर्ग तिने पूर्ण केला होता. तिने लिप्यंतर आधी वाचायचे नाही, हे प्रथमच ठरले. ज्याने मजकूर लिहिला त्याच्या डोळ्यांना आपण काय लिहिले ते ठाऊक असते. म्हणून मूळ पानाकडे पाहतानाही त्याला स्वतःचाच मजकूर दिसतो. दुसरा वाचक हवा तो याच कारणासाठी, आणि त्यानेही उत्तर आधी पाहिले तर तो दुसरा उरत नाही.

कोणी काय वाचायचे, हाही प्रश्न महत्त्वाचा. पुष्कळ ठिकाणी लिप्यंतर मोठ्याने वाचले जाते आणि दुसरा छायाचित्राकडे पाहून मान हलवितो. यात ऐकलेला शब्द डोळ्यांना वाट दाखवितो आणि अस्पष्ट अक्षरही ऐकल्यासारखेच भासू लागते. येथे क्रम उलटा ठेवला. सूनबाई छायाचित्रावरून मोठ्याने वाचीत आणि काका आपल्या प्रतीवर मुकाट्याने बोट फिरवीत. छायाचित्रावर चालू ओळीखाली कोऱ्या कागदाची पट्टी धरली होती, म्हणजे नजर खालच्या ओळीवर घसरू नये. लिप्यंतरातील ओळी मुळाप्रमाणेच तोडलेल्या आणि क्रमांकित होत्या. रकमा शब्दांत न वाचता अंकाअंकाने वाचल्या: ‘चार, शून्य, दोन उभ्या रेघा.’ पानाच्या अखेरीस दोन्हीकडील ओळी मोजायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने थांबायचे, कारण थकलेला वाचक दिसेल ते न वाचता अपेक्षित ते वाचू लागतो.

तीनशे रुपयांच्या ओळीशी सूनबाईंनी वाचले, “अक्का खाते.” काकांचे बोट थांबले. त्यांच्या प्रतीवर तेथे ‘अण्णा खाते’ होते.

“पुन्हा वाचा बरं.”

“अक्काच आहे, काका.”

चूक कशी झाली असावी, हे पानच सांगत होते. लागोपाठ दोन ओळींचा आरंभ ‘अ’ने आणि शेवट ‘खाते’ या शब्दाने. वरची ओळ उतरवून डोळे मुळाकडे वळले, पण मनात वरचेच नाव घोळत राहिले आणि ते खालच्या रकमेशी जोडले गेले. रक्कम बरोबर होती, म्हणून बेरजेत काहीच उमटले नाही.

त्यांनी प्रत लगेच खोडली नाही. समासात पेन्सिलीने खूण केली, ओळीचा क्रमांक आणि दोन्ही वाचने वेगळ्या कागदावर नोंदविली आणि वाचन पुढे चालू ठेवले. वाद तेथेच मांडला तर लय तुटते आणि पुढच्या दोन ओळी निसटतात. पान संपल्यावर छायाचित्र मोठे करून त्याच मुनिमाची तीच अक्षरे शोधली. त्याच पानावर वजनाच्या नोंदीत ‘पक्के’ हा शब्द दोनदा होता. त्यातील जोडाक्षर वादातील अक्षराशी जुळले. जमेच्या पानावरील ‘अक्का’ही तशाच वळणाचे निघाले. तेव्हा दुरुस्ती झाली.

दुसऱ्या एका ओळीत घडीची सावली पडल्याने एक अक्षर ठरेना. दोघांचे एकमत झाले असते तरी ते पुरेसे नव्हते. दोन माणसे एकच अंदाज सहज करतात. प्रत्यक्ष वही उजेडात धरून पाहिली, तरी उलगडा झाला नाही. म्हणून ते अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवले. एके ठिकाणी मुनिमानेच गावाचे नाव चुकीचे लिहिले होते. तेही तसेच राहू दिले आणि शंका टिपेत घातली. मुनिमाची चूक सुधारणे हे लिप्यंतराचे काम नव्हे.

ज्या घराने तीन पिढ्या तक्रार जपली, त्याच घरच्या सुनेने ती खोडणारी ओळ वाचली. ‘अण्णा’ कायम राहिले असते, तर छापील प्रतीने त्या तक्रारीस कागदाचा आधार दिला असता. तरीही सूनबाईंनी टिपेत एवढेच लिहिले: ‘या तिथीस अक्का खाती तीनशे रुपये नावे पडलेले आहेत.’ ते अक्कांच्या हाती पोहोचले की नाही, हे रोजमेळ सांगत नाही. त्यासाठी पावती हवी आणि ती अजून सापडलेली नाही. काकांनी टीप वाचली, तिच्याखाली स्वतःचीही सही केली आणि पुढचे पान उघडले.