नुसता ‘हो’

गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या मंगल परिणयाचे जेवण ठरवताना एका शब्दाने आम्हाला चांगलाच धडा दिला. माणसे तीनशे. आचाऱ्याला आम्ही मोबाईलवर तीन पर्याय लिहून पाठवले. पहिला, सगळे साहित्य त्याचे, ताटाला 150 रुपये. दुसरा, किराणा-भाजी, भांडी, गॅस आमचे, वाढायला आमची मुले, त्याची फक्त मजुरी 14,000 रुपये. तिसरा, किराणा-भाजी आमची, पण भांडी, गॅस आणि वाढपी त्याचे, 20,000 रुपये. संध्याकाळी उत्तर आले, “हो साहेब.”

आमच्या मनात दुसरा पर्याय होता, म्हणून आम्ही तोच धरून चाललो आणि भांडीवाल्याला 1,000 रुपये विसार देऊन आलो. लग्नाला चार दिवस उरले असताना आचाऱ्याचा फोन आला, “साहेब, भांडी किती वाजता आणू? सहा वाढपी सांगून ठेवलेत.” त्याने तिसरा पर्याय धरला होता. खोटे कोणीच बोलत नव्हते. त्याची माणसे अडकलेली, म्हणून आम्ही तिसराच मान्य केला. मजुरीचे 6,000 वाढले, विसार बुडाला.

बी.कॉम.ला आम्ही 1872 चा भारतीय करार कायदा शिकलो होतो. त्याच्या कलम 29 खाली एक उदाहरण आहे. एक जण म्हणतो, माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना विकतो. दोहोंपैकी कोणती किंमत, हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो करार निरर्थक. कलम 13 सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. परीक्षेत हे लिहिले, घरच्या व्यवहारात मात्र विसरलो.

चूक आमचीच. ‘हो’ आल्याबरोबर विचारायला हवे होते. तेही “म्हणजे दुसरा ना?” असे नव्हे, कारण घाईतला माणूस त्यालाही ‘हो’च म्हणतो. ज्याचे उत्तर ‘हो’ असूच शकत नाही, असा प्रश्न विचारावा. “उत्तर आले नाही तर दुसरा पक्का समजू” असेही लिहू नये. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे.

यंदा वस्तीच्या सहलीची बस ठरवताना मालकाला दोन दर कळवले. पुन्हा तेच, “हो.” आम्ही लिहिले, “कोणता पर्याय? क्रमांक, रक्कम आणि त्यात काय काय येते, ते तुम्हीच लिहा.” उत्तर आले, “दोन नंबर. 9,500. डिझेल माझे, टोल तुमचा.” आम्ही तारीख घालून तेच परत लिहिले, “दुसरा पर्याय रद्द समजावा” अशी ओळ जोडणार, तोच घोटाळा ध्यानात आला, ‘दुसरा’ म्हणजे दोन नंबरचाच! मग लिहिले, “एक नंबर रद्द.” विसाराच्या पावतीवरही दोन नंबर घालून घेतला आणि मगच पैसे दिले.