हजेरी पूर्ण, काम मात्र बंद

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला प्लेटलेट हा शब्द शिकवावा लागत नाही. पावसाळा सुरू झाला, डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच विचारणा असते, "प्लेटलेट किती?" दीड लाख ते साडेचार लाख म्हणजे ठीक, त्याखाली गेले की धावपळ. डेंग्यूने आपल्याला हा एक आकडा चांगला पाठ करून दिला. पण त्याच आकड्याने आमच्या घरात दोनदा चकवा दिला, ती हकीकत सांगायची आहे.

पहिली गोष्ट भाईजानची. ते चाकणला एका कारखान्यात रात्रपाळी करतात. अक्कलदाढ दुखत होती. सुटी मिळेना, म्हणून चार दिवस कारखान्यासमोरच्या मेडिकलमधून पाण्यात विरघळणारी डोकेदुखीची गोळी आणून घेत राहिले, दिवसाला दोन-तीन. पाचव्या दिवशी दाढ काढली. डॉक्टरांनी कापूस दाबून घरी पाठवले. मगरिबनंतर पाहतो तर तोंडात रक्त. भाभींनी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. रक्त वाढलेच. (चुळा भरू नयेत, थुंकूही नये, नुकतीच जमू लागलेली गुठळी त्याने निघून येते, हे आम्हाला नंतर कळले.) फजरपर्यंत उशीचा अभ्रा लाल झाला होता.

सकाळी दवाखान्यात रक्त तपासले. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि रक्त वाहतच राहिले! तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारले, "कोणती औषधे घेता?" भाईजान म्हणाले, "काहीच नाही." त्यांनी पुन्हा विचारले, "औषध नको सांगू, गोळी सांगा. दुखण्यावर काय घेतलेत?" तेव्हा खिशातून रिकामे पाकीट निघाले. त्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, अॅस्पिरीन.

बाईंनी समजावले ते आम्ही आमच्या शाळेच्या भाषेत सांगतो. प्लेटलेटचा आकडा म्हणजे हजेरीपट. वर्गात साठ मुले हजर आहेत एवढेच तो सांगतो. त्यातली किती पाटीवर हात चालवतात हे त्याला माहीत नसते. जखम झाली की जवळच्या प्लेटलेट तिथे चिकटतात आणि थ्रोम्बोक्सेन नावाचे एक रसायन सोडून बाकीच्यांना हाक मारतात. मग त्या एकमेकींना धरून बूच तयार करतात. अॅस्पिरीन ही हाक बंद करते. थ्रोम्बोक्सेन तयार करायला प्लेटलेटच्या आत जे प्रथिन लागते, त्याला ती कायमची निकामी करते. शरीरातल्या बहुतेक पेशी असे प्रथिन पुन्हा बनवू शकतात. प्लेटलेटला केंद्रकच नसते, म्हणून तिला ते जमत नाही. ती सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात मुकीच राहते. अस्थिमज्जा रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट पाठवते. त्या बोलक्या असतात. म्हणून गोळीचे औषध रक्तातून काही तासांत निघून गेले तरी तिचा परिणाम आठवडाभर रेंगाळतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही हेच प्रथिन अडवतात, पण तात्पुरते, औषध उतरले की सुटते. पॅरासिटामॉलचा प्लेटलेटवर म्हणण्यासारखा परिणाम नाही. "रक्त पातळ होते" हा शब्दच फसवा आहे. रक्त तेवढेच दाट राहते, फक्त बूच बसायला उशीर होतो.

भाईजानच्या जखमेला दोन टाके घातले, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडमध्ये भिजवलेला गॉज अर्धा तास दातांत घट्ट धरायला दिला, मधे काढून बघायचे नाही या अटीवर. थांबले. दुसरे काही करावे लागले नाही.

गंमत अशी की अॅस्पिरीनचा हा गुण ओळखला गेला तोही अशाच रक्तस्रावातून. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना वेदनेसाठी अॅस्पिरीन असलेला च्युइंगम देत. काहींना फार रक्त जाते हे त्यांनी पाहिले आणि उलटा विचार केला, हेच हृदयाच्या गुठळीवर उपयोगी पडेल का? 1950 च्या सुमारास त्यांनी तसे लिहिले, पण फारसे कोणी ऐकले नाही. गोळी नेमके काय करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 चे नोबेल त्यात आहे. आज आमच्या अब्बांना स्टेंटनंतर रोज पंचाहत्तर मिलिग्रॅमची तीच गोळी आहे. भाईजानचा प्रकार ऐकून अब्बांनी ती परस्पर बंद केली होती! त्यांना रागावून पुन्हा सुरू करायला लावली. स्टेंट असलेल्याने दात काढायचा असला तरी गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नसते, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे. टाका आणि दाब यांनी हिरडीचे रक्त थांबवता येते, बंद झालेला स्टेंट मात्र असा सुटत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि खरे तर तिच्यासाठीच लेखणी हातात घेतली. आपाची धाकटी मुलगी, आमची भांजी. लहानपणापासून नाकातून रक्त, घरचे म्हणायचे उष्णता आहे. पायांवर निळे डाग, म्हणायचे खेळते फार. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि सतरा दिवस थांबलीच नाही. हिमोग्लोबिन सहावर आले. तीन ठिकाणी तपासण्या झाल्या. प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन चाचण्याही ठीक. प्रत्येक कागदावर एकच शब्द, नॉर्मल. पोरगी पांढरीफटक आणि कागद नॉर्मल.

भाईजानच्या वेळचा प्रश्न आम्हाला आठवला. आपाला विचारले, "दुखण्याची गोळी देतेस का?" देत होती, पाळीच्या कळांसाठी. ती बंद केली. रक्त थोडे कमी झाले, थांबले नाही. म्हणजे गोळी भर घालत होती, मूळ दुसरेच होते. आम्ही फाइल घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मुलीच्या बोटाला टोचून थेंब थेट काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. असा ताजा थेंब पसरला की प्लेटलेट घोळक्याने दिसायला हव्यात. इथे त्या भरपूर होत्या, पण एकेकट्या, सुट्या सुट्या. मग त्यांनी विचारले, "आई-वडील नात्यातले का?" होय, आतेभाऊ-मामेबहीण.

त्यांनी मुंबईला पाठवले. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते. इथून बाटलीत रक्त का पाठवत नाही, असे मेहुण्यांनी विचारले. त्याचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. या चाचणीत जिवंत, काम करणाऱ्या प्लेटलेट लागतात. रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत चाचणी उरकावी लागते, बर्फात ठेवलेले चालत नाही, प्रवासात हिंदकळलेले चालत नाही. म्हणून माणसानेच जायचे. आणि आधीचे दहा दिवस दुखण्याची एकही गोळी नाही, नाहीतर गोळीचा दोष मुलीच्या नावावर लिहिला जाईल. पहिली तारीख याच कारणाने हुकली. सर्दी-तापासाठी शेजारणीने दिलेल्या गोळीत अॅस्पिरीन निघाली.

दुसऱ्या खेपेला चिंचवडहून पहाटेच्या गाडीने दादर गाठले. रक्तातून प्लेटलेट असलेला वरचा गढूळ पिवळा भाग वेगळा काढतात, त्यातून प्रकाश सोडतात आणि प्लेटलेटला उठवणारी द्रव्ये एकेक करून घालतात. निरोगी माणसाच्या प्लेटलेट गोळा होऊन बसतात, पाणी निवळते, रेघ वर चढते. भाईजानसारख्याची तपासली असती तर एखाद-दोन द्रव्यांना रेघ अडखळली असती. भांजीची रेघ जवळजवळ सगळ्यांना सपाट राहिली, फक्त रिस्टोसेटिन नावाच्या द्रव्याला हलली. वॉन विलेब्रांड हा याहून जास्त आढळणारा रक्तस्रावाचा आजारही तपासून बाजूला केला. निदान झाले, ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया. 1918 साली एका स्विस बालरोगतज्ज्ञाने वर्णन केलेला आजार. भाईजानच्या प्लेटलेटची हाक बंद होती. हिच्या प्लेटलेट हाक मारतात, येतात, पण एकमेकींना धरायला त्यांना हातच नाहीत. ते हात म्हणजे पृष्ठभागावरचे एक प्रथिन, जन्मापासून नसलेले.

घरी आल्यावर सासरकडून पहिले बोलणे ऐकू आले ते आपालाच. हे आम्ही खपवून घेतले नाही. असे मूल होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, एकट्याकडून आले तर काही होत नाही. दोघेही ठणठणीत असतात आणि तरी प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता राहते. जवळच्या नात्यात तेच जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, इतकेच.

आणि "प्रत्येक बाळाला" म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे गेल्या. चार वर्षांचा, त्याचा खतना पुढच्या जुम्म्याला ठरला होता, पाहुण्यांना निरोप गेले होते. मुलग्यांमध्ये हे आजार पुष्कळदा खतन्याच्या जखमेतूनच पहिल्यांदा उघडकीला येतात. दादी म्हणाल्या, तारीख मोडायची नाही. मेहुणे तासभर गप्प बसले, मग स्वतः फोन करून एकेकाला कळवले. महिन्याने मुलग्याची तीच तपासणी झाली, रेघ छान चढली. खतना नंतर शल्यचिकित्सकाकडून रुग्णालयात झाला, रक्त पाच मिनिटांत थांबले.

भांजीला पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या आहेत, पाळी आटोक्यात ठेवायला हार्मोनची गोळी आहे, लोह आहे. मोठा रक्तस्राव झाला तर दुसऱ्याच्या प्लेटलेट देतात, पण जपून, कारण शरीर त्या अनोळखी प्रथिनाविरुद्ध उभे राहिले तर पुढच्या वेळी त्या कामाच्या राहत नाहीत. आजार जाणार नाही. ती नववीत आहे, गणितात आमच्याकडे शिकायला येते.

तिच्या दप्तरात आम्ही एक कार्ड करून ठेवले आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. वर आजाराचे नाव. खाली लिहिले आहे: अॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. ताप किंवा दुखणे असल्यास पॅरासिटामॉल. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको. हिजामा नको. नाकातून रक्त आल्यास मान पुढे, नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटे दाबून धरावा. शेवटची ओळ तिने स्वतः तिच्या अक्षरात वाढवली आहे: प्लेटलेटचा आकडा बरोबर आला तरी मला घरी पाठवू नका.