एकाच तारखेचे दोन दिवस

भाचीच्या निकाहचं कार्ड आलं आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायला त्याचा साधा मराठी मजकूर करायचं काम आमच्याकडे आलं. वरची बिस्मिल्लाह वेलबुट्टीत गुंफलेली, पण ती न वाचताही ओळखता येते. नावांचं तसं नसतं. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरकी उतरतात, नुक्ते भलत्याच अक्षराजवळ पडतात, म्हणून प्रत्येक नाव मराठी बाजूशी ताडून घेतलं.

खाली दोन रकाने होते, उजवीकडे निकाह आणि डावीकडे वलीमा. सरळ आडवं वाचत गेलं की निकाहच्या वेळेपुढे वलीम्याचा हॉल येतो! आम्ही उजवा रकाना खालपर्यंत संपवला, मगच डावीकडे वळलो.

खरी अडचण तारखेची. दोन्ही रकान्यांत १२ शव्वाल १४४६ होती, मराठी बाजूला मात्र निकाह गुरुवारी, १० एप्रिल २०२५ आणि वलीमा शुक्रवारी, ११ एप्रिल. धाकटा म्हणाला, "छपाईची चूक आहे, निकाह ११ शव्वाल करू या." अम्मी म्हणाल्या, "बेटा, निकाह इशानंतर आहे ना?" हिजरी दिवस मगरिबला बदलतो. आपल्याकडे ईद सोमवारी, ३१ मार्चला झाली, म्हणजे गुरुवारी दिवसा ११ शव्वाल आणि सूर्य मावळल्यावर १२. कार्ड बरोबर होतं.

पण उर्दूतलं 'शब-ए-जुमा' नुसतं 'जुम्याची रात्र' असं उतरवलं असतं, तर निम्मे पाहुणे शुक्रवारी रात्री आले असते. आम्ही लिहिलं: 'गुरुवार, १० एप्रिल, रात्री इशाच्या नमाजनंतर', आणि हिजरी तारीख त्याखाली.