सही आणि अडीच हजार

चोपड्याचा पूल होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. फेरीची वाट बघायची गरज उरली नव्हती. सकाळच्या बसने शिवोलीमार्गे म्हापशाला जायचं आणि एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करायची, असा माझा क्रम. ऑफिसचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

आठ महिन्यांत ऑडिट असं बघायला मिळालंच नाही. व्हाउचरं लावणं आणि बँकेत स्लिपा भरणं, एवढंच. पणजीच्या एका फर्ममध्ये जागा मिळाली, म्हणून सोडायचं ठरवलं. पहिलं वर्ष संपायच्या आत बदलणं तेव्हा त्यातल्या त्यात सोपं होतं.

सर म्हणाले, "सोड, पण स्टायपेंडचं विसर. मग फॉर्मवर सही करतो."

हा फॉर्म म्हणजे 109. आर्टिकलशिप मध्येच सुटली की किती दिवस काम केलं, किती रजा घेतली ते त्यावर लिहून सर सही करायचे, आणि तो तीस दिवसांत इन्स्टिट्यूटकडे जावा लागायचा. त्याशिवाय नव्या ठिकाणचा 103 नोंदला जात नसे. म्हणजे माझे आठ महिने त्या एका सहीत अडकलेले.

घरी आलो तो रडकुंडीला. बाबा अंगणात जाळं विणत होते. म्हणाले, "उलय, पूण कागदार बरय."

रात्री हिशेब मांडला. करारात महिना 500 रुपये होते, आमच्यासारख्या लहान गावासाठी तेव्हा तेवढाच किमान दर. तीन महिन्यांचे मिळाले होते, पाच महिन्यांचे 2500 राहिले. सरांचं म्हणणं, चवथीला फार रजा घेतलीस. डायरीत पाहिलं तर सगळी मिळून अकरा दिवस, हक्काच्या रजेपेक्षा कितीतरी कमी.

पत्रात दोन मागण्या वेगळ्या लिहिल्या. एक, अमुक तारखेपासून मला मोकळं करून 109 वर सही द्यावी. दोन, पाच महिन्यांचे 2500 चेकने द्यावेत. सोबत हजेरीची नक्कल लावली. एकीसाठी दुसरी सोडतो, असं कुठेच लिहिलं नाही. पत्र दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आवाज चढवला नाही.

चौथ्या दिवशी सही मिळाली. त्याच दुपारी फॉर्म रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवला. चेक यायला मात्र दोन महिने लागले.

एक गोष्ट बुडाली ती बुडालीच. सुरुवातीला सरांनी तोंडी महिना हजार कबूल केले होते. करारावर 500 लिहिलेले बघूनही मी लाजेने गप्प राहिलो. त्या वरच्या पैशांसाठी माझ्याकडे कागद नव्हता.

आज माझ्याकडे मुलं शिकायला येतात. पहिल्या दिवशी करार मी त्यांना मोठ्याने वाचायला लावतो, आकड्यासकट.