बाबा उपाशी असले पाहिजेत

मराठीतला ‘पाहिजे’ हा शब्द नियमही सांगतो आणि अंदाजही बांधतो. ‘नऊ वाजता दुकान उघडं असलं पाहिजे’ असं मालक कामगाराला बजावतो, तेव्हा तो नियम असतो. गल्लीच्या टोकाला उजेड पाहून आपण ‘दुकान उघडं असलं पाहिजे’ म्हणतो, तेव्हा तो तर्क असतो. भाषाशास्त्रात पहिल्या अर्थाला डिऑन्टिक म्हणतात, म्हणजे कर्तव्याचा. दुसऱ्याला एपिस्टेमिक, म्हणजे माहितीवरून काढलेला. एम.ए.ला हे मी शिकले होते. पण दोन्ही अर्थ समोरासमोर उभे राहिलेले पाहिले ते बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी.

आदल्या रात्री नर्सनं सांगितलं, “सकाळी बाबा उपाशी असले पाहिजेत.” भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ही अट. सकाळी सातला मी दादाला फोन केला. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. म्हणाला, “बाबा उपाशी असले पाहिजेत.” तेच वाक्य, अक्षरही वेगळं नाही.

मग फरक कुठे आहे? ‘पाहिजे’ला दोन वेगळे अर्थ आहेत असं म्हणून मोकळं होता येतं. पण जर्मन भाषाशास्त्रज्ञ अँजेलिका क्रॅट्झर यांनी 1977 च्या एका निबंधात वेगळा मार्ग दाखवला. त्यांच्या मते असे शब्द एकच काम करतात: शक्य जगांचा एक गट घ्यायचा आणि ‘या प्रत्येक जगात असंच आहे’ असं म्हणायचं. शक्य जग म्हणजे गोष्टी जशा असू शकल्या असत्या तशी एकेक पूर्ण मांडणी. कुठला गट घ्यायचा हे शब्द सांगत नाही, संदर्भ सांगतो.

नर्सचा गट असा: आज ऑपरेशन आहे आणि सगळे नियम पाळले गेले आहेत, अशी जगं. त्या प्रत्येकात बाबा उपाशी आहेत. आपलं खरं जग त्या गटात असेलच असं नाही. नियम मोडले जातात म्हणून तर ते सांगावे लागतात.

दादाचा गट त्याच्या माहितीवरून बनलेला होता. रात्रीचं ताट परत गेलेलं, बाबांना अट सांगितलेली, डब्याचं झाकण बंद. या माहितीशी जुळणारी जी जगं त्याला नेहमीची वाटली, त्या सगळ्यांत बाबा उपाशी होते. पण त्याचा दावा आपल्या याच जगाबद्दल होता.

मी म्हटलं, “आत जाऊन विचारून ये.” बाबांनी पहाटे पाचला पिशवीतली दोन बिस्किटं खाल्ली होती. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, ही त्यांची जुनी सवय. नीट पाहिलं तर बिस्किटांचं जग दादाच्या माहितीनं बाद केलंच नव्हतं; त्यानं ते लांबचं समजून बाजूला ठेवलं होतं. घन अन्नानंतर सहसा सहा तास थांबतात, त्यामुळे आठचं ऑपरेशन दुपारवर गेलं आणि नीट पार पडलं.

आता दोन्ही वाक्यांचं काय झालं बघा. नर्सचं वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं: “बाबा उपाशी असले पाहिजेत, पण नाहीयेत.” यात काहीच खटकत नाही, उलट हीच तर तक्रार आहे. दादाला मात्र अंदाज म्हणून “उपाशी असले पाहिजेत, पण नाहीयेत” असं म्हणता येईना. त्याला वाक्य मागेच घ्यावं लागलं. कुठला ‘पाहिजे’ आहे हे कळत नसेल तर मागे ‘पण नाहीये’ जोडून पाहावं. टिकला तर नियम, मोडला तर अंदाज.

अंदाजाच्या ‘पाहिजे’त आणखी एक गोष्ट दडलेली असते. समोर पाऊस दिसत असताना कुणी ‘पाऊस पडत असला पाहिजे’ म्हणत नाही. लोकांच्या ओल्या छत्र्या पाहून म्हणतात. म्हणजे बोलणाऱ्याला कितीही खात्री असो, त्यानं स्वतः पाहिलेलं नाही, हे ते वाक्यच सांगून टाकतं.

मराठी ही संदिग्धता मिटवूही शकते. ‘बाबांनी उपाशी राहिलं पाहिजे’ हा फक्त नियम. अशा वाक्यात कर्त्याला ‘नी’ लागला की अंदाजाची वाट बंद होते. ‘बाबा उपाशी राहिले असले पाहिजेत’ हा सहसा अंदाज. जे घडून गेलं त्याबद्दल हुकूम कसा देणार? गोंधळ होतो तो मुख्यतः नुसत्या ‘असला-असली-असले पाहिजे’पाशी, आणि मेसेजमध्ये जास्तच, कारण तिथे आवाजाचा चढउतार नसतो. ‘गॅस बंद असला पाहिजे’ असा मेसेज आला तर उलट एवढंच विचारावं: हे बजावतोयस, की तुला वाटतंय?